समुद्र नको, तळ्याकाठी चार दिवस: मये, करमळी की साळावली?

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. गोव्याला दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा किनारा आणि गर्दीच. या वेळी तळ्याकाठी राहायचे आहे. सकाळची शांतता, थोडी होडी, थोडे चालणे, बस. कोणते तळे निवडावे? दिवाळीच्या सुट्टीत यावे की जानेवारीत? दोन रात्री पुरतील का? स्वतःची गाडी आहे.

उत्तर: मुक्काम मये तलावाजवळ करा, संक्रांत उलटल्यावर आणि २६ जानेवारीच्या जोडसुट्टीच्या आधी या, रविवारी संध्याकाळी पोहोचून गुरुवारी परत निघा. म्हणजे चार रात्री. दोन रात्रींत काम होत नाही. या तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. तळे बदलले तर महिना बदलतो आणि महिना बदलला तर रात्रीही बदलतात, म्हणून कारणे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे तलाव म्हटले की रंकाळा येतो: चहूबाजूंनी काठ, फिरायला रस्ता आणि बारा महिने पाणी. गोव्यात तसे तळे क्वचितच सापडते. इथली बहुतेक पाणथळे शेतीसाठी नाहीतर पिण्याच्या पाण्यासाठी धरून ठेवलेली आहेत आणि त्यांचे पाणी कुणाच्या तरी कामाच्या वेळापत्रकाने चढते-उतरते. छायाचित्र पाहून तळे निवडले की फसगत होते ती इथेच. फोटो ऑक्टोबरमधला असतो आणि माणूस एप्रिलमध्ये येऊन पोहोचतो.

सोयीसाठी तीन प्रकार धरा. पहिला, डोंगरांच्या कुशीतले लहान तळे. डिचोली तालुक्यातले मये हे त्याचे उदाहरण. तिन्ही प्रकारांत राहणे, होडी आणि सकाळचे धुके एकाच जागी मिळण्याची शक्यता इथेच सर्वांत जास्त. दुसरा प्रकार शेतीचे तळे. जुन्या गोव्याजवळचे करमळीचे तळे, सासष्टीत कुडतरीची तळी आणि कुडचड्याचे नंदा तळे ही या प्रकारातली. नंदा तळे सुमारे ४२ हेक्टरचे असून २०२२ मध्ये ते गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. ही तळी पक्ष्यांची आणि शेतकऱ्यांची. तिथे होडीची अपेक्षा ठेवू नये. काठाने चालावे, बघावे आणि परतावे. तिसरा प्रकार धरणाचा जलाशय. सांगे तालुक्यातले साळावली, सत्तरीतले अंजुणे आणि काणकोणातले चापोली हे असे जलाशय. देखावा सर्वांत भव्य तो इथे, पण पाणी हाताला लागत नाही. धरणाच्या भिंतीवरून बघायचे, पाण्यात उतरायला मनाई असते.

जलाशयाचे पाणी किती हलते ते साळावलीवर नीट कळते. जुलैच्या आसपास धरण भरले की तिथल्या बदकाच्या चोचीसारख्या गोलाकार सांडव्यातून पाणी खाली कोसळू लागते आणि ते पाहायला अख्खा गोवा लोटतो. तेच पाणी एप्रिल-मेमध्ये इतके उतरते की बुडालेले कुर्डी गाव वर येते. घरांची जोती, विहिरी, वाटा सगळे दिसू लागते. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. विस्थापित झालेले गावकरी मे महिन्यात तिथल्या सोमेश्वराच्या देवळात जमतात. जे पाणी पाहायला तुम्ही येणार, ते त्या दिवसांत काठापासून कितीतरी आत गेलेले असते आणि मधे भेगाळलेला चिखल असतो. त्यावरून चालत पाण्याकडे जाऊ नये. वरची साय वाळलेली दिसते, पण तिच्याखाली पाय गुडघ्यापर्यंत जातो.

चौथ्या एका प्रकाराबद्दल इशारा द्यायलाच हवा, कारण तो फोनवर सर्वांत सुंदर दिसतो. निळसर-हिरवे, आरशासारखे पाणी आणि चारी बाजूंना लाल भिंती. ते तळे नव्हे. ती सोडून दिलेली चिऱ्यांची नाहीतर लोहखनिजाची खाण असते. डिचोली, सत्तरी आणि सांगे भागांत अशा जागा आहेत. ओळखायची खूण सोपी आहे: काठाला गवत, लव्हाळा किंवा कमळे नाहीत आणि भिंती सरळ, पायऱ्या-पायऱ्यांनी तोडलेल्या. खऱ्या तळ्याचा तळ हळूहळू खोल होत जातो. खाणीत दुसऱ्या पावलालाच तळ नाहीसा होतो आणि वर चढायला धरायला काही नसते. बरोबर दहा वर्षांचा मुलगा आहे, तेव्हा अशा जागी गाडीच थांबवू नका.

आता महिना. दिवाळीच्या सुट्टीचा मोह स्वाभाविक आहे. तळी तेव्हा काठोकाठ भरलेली असतात आणि डोंगर हिरवेगार असतात. पण ऑक्टोबरअखेरपर्यंत, कधी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातही दुपारनंतर ढग दाटून विजांसह सर येते. पाण्यावर असताना वीज हा थट्टेचा विषय नाही. गडगडाट ऐकू आला की होडी बंद, मग तास गेला की दोन गेले कुणी सांगावे. हवा दमट असते आणि सासूबाईंना दुपार जड जाईल. शिवाय हिवाळी बदके तेव्हा पुरती आलेली नसतात. दिवाळीच्या सुट्टीतले गोवा म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडची गाड्यांची रांग, हे वेगळे सांगायला नको.

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा चांगला असतो. करमळीला जाणार असाल तर मात्र एक तारीख लक्षात ठेवा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते आणि त्याआधी नऊ दिवस नोवेनाच्या प्रार्थना चालतात. त्या काळात जुन्या गोव्याकडे जाणारे रस्ते पहाटेपासून भरतात. २० डिसेंबर ते ५ जानेवारी हा काळ तर सोडूनच द्या. तळी शांत असतात, रस्ते नसतात आणि खोल्यांचे दर दुप्पट ऐकायची तयारी ठेवावी लागते.

संक्रांतीनंतरचा आठवडा यासाठीच सुचवला. हवा कोरडी, पाऊस जवळपास नाही, बदके भरात आणि मयेत पाणी अजून चांगले. करमळीसारख्या शेतीच्या तळ्यांत मात्र याच सुमाराला पाणी उतरू लागते. त्याचे कारण वायंगण. गोव्यात पावसाळी भाताला सरद आणि हिवाळी भाताला वायंगण म्हणतात. वायंगणाच्या शेतांना पाणी द्यायचे तर तळ्यात अडवलेले पाणी सोडावेच लागते. पाणी अडवण्या-सोडण्याच्या दाराला इथे मानस म्हणतात. पक्षी पाहणाऱ्याला याचा उलट फायदा होतो. पाणी उतरले की काठाला उथळ चिखलपट्टी उघडी पडते आणि लांब पायांचे पक्षी तिथे उतरतात. पण काठोकाठ भरलेल्या सरोवराचे चित्र मनात धरून आलेला माणूस फेब्रुवारीत हिरमुसतो, आणि एप्रिल-मेमध्ये तर काही तळ्यांत मासे पकडणारी माणसेच उभी दिसतात.

पावसाळ्यात येऊ नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की धबधबे, खाणी आणि तळ्यांत उतरण्यावर जिल्हा प्रशासन बहुधा बंदीचा हुकूम काढते. होड्या बांधून ठेवलेल्या असतात आणि चालायच्या वाटेवर जळवा.

आता सकाळ. तुमच्या यादीत ती पहिली आहे, आणि लोक सगळ्यात जास्त चुकतात ते तिच्याच वेळेत. जानेवारीच्या मध्यात गोव्यात सूर्य साधारण ७ वाजून ५ मिनिटांनी उगवतो. डिसेंबरच्या मध्यात ६:५५ च्या सुमारास, नोव्हेंबरच्या मध्यात ६:४० च्या आत. म्हणजे जानेवारीत पाच वाजता उठून काठावर बसलात तर दीड तास अंधारच पाहाल. पावणेसातला काठावर असा. मये डोंगरांत असल्याने ऊन पाण्यावर यायला आणखी वेळ लागतो आणि तोच वेळ सर्वांत चांगला असतो.

धुके रोज मिळत नाही. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन भराभर थंड होते, डोंगरउतारावरची गार हवा तळ्याकडे घसरते आणि दिवसभर तापलेल्या पाण्यावर तिची गाठ पडली की वाफ धरते. पाण्याच्या पृष्ठभागावरून पातळ दोरे उठल्यासारखे दिसते ते हेच. आकाशात ढग असतील तर जमीन पुरेशी निवत नाही. पूर्वेचा कोरडा वारा जोरात असेल तर वाफ धरण्याआधीच विखुरते. आदल्या संध्याकाळी अंदाज बांधायची एक चांगली खूण आहे. दिवेलागणीला गावातल्या चुलींचा किंवा पालापाचोळा जाळल्याचा धूर कुठे जातो ते पाहा. तो वर न चढता माडांच्या शेंड्याखाली पांढऱ्या पट्टीसारखा आडवा पसरून राहिला, तर गार हवा खाली बसली आहे आणि सकाळी धुके येण्याची चांगली शक्यता आहे. धूर लगेच विरला तर गजर लावू नका, निवांत झोपा. चारपैकी दोन सकाळी धुके मिळाले तरी पैसे वसूल समजा. दोनच रात्री राहिलात तर एक सकाळ प्रवासाच्या थकव्यात जाते आणि दुसऱ्या सकाळी हवेने साथ दिली नाही की सगळे हुकते. चार रात्रींचा आग्रह त्यासाठीच.

जानेवारीत मयेकडे पहाटे गारठा असतो. फार नाही, पण बाकावर अर्धा तास बसायचे तर सासूबाईंना शाल आणि पायमोजे हवेत. बाक दवाने ओला असतो, एक जुनी सतरंजी गाडीत टाका. साडेसहा-सातला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू ऐकू आला तर उंडे हे गोल पाव घेऊन ठेवा. जवळपासच्या टपऱ्या चालू होईपर्यंत तेच कामी येतात.

आता होडी. इथे एक गोष्ट आधीच मान्य करून टाका: शांत सकाळ आणि होडी एकाच वेळी मिळत नाहीत. होडीच्या तिकिटांची खिडकी कर्मचारी आल्यावर उघडते, म्हणजे धुके विरल्यावर. धुक्यातून होडी चालवण्याचे स्वप्न असेल तर ते सोडा. आणि धुक्यात पलीकडचा काठ दिसत नसताना पाण्यावर नसलेलेच बरे. मात्र खिडकी उघडल्यानंतरची पहिली फेरी कामाच्या दिवशी बहुधा तुमच्या एकट्यांची असते. तीच घ्या. शनिवार-रविवारी सहलींच्या बसेस येतात, डबे आणि ध्वनिक्षेपक येतात. तळ्यालगत बंजी उडीचा मनोरा आहे, तिथल्या किंकाळ्याही पाण्यावरून लांबवर ऐकू येतात. सोमवार ते गुरुवार म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

पहिल्या फेरीचे दुसरे कारण वारा. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो मंद असतो आणि पाणी काचेसारखे असते. साधारण अकराच्या पुढे समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी लाटा उठतात. पॅडलच्या होडीचा वरचा भाग उंच असतो, छत असेल तर तेही वाऱ्याला आयतेच सापडते. अनुभव नसलेले लोक वाऱ्याबरोबर मजेत लांब जातात आणि परतीला दहा मिनिटांत पोटऱ्या धरतात. म्हणून नियम असा: निघताना पाण्यावरच्या बारीक लहरी कुठून येतात ते पाहा आणि आधी तिकडेच जा. परतताना वारा ढकलत आणतो.

तुम्ही चौघे. चार आसनी होडीत पुढच्या दोघांनी पॅडल मारायचे आणि मागचे दोघे बसायचे अशी रचना असते. जड माणसे एका बाजूला बसली की होडी कलते आणि वर्तुळात फिरत राहते. तुम्ही आणि तुमचे यजमान पुढे, एक डावीकडे एक उजवीकडे. सासूबाई आणि मुलगा मागे. सासूबाईंना खरा त्रास चढताना-उतरताना होतो, पाण्यावर नव्हे. धक्क्यावरून थेट होडीच्या कडेवर पाय ठेवला की कड खाली दबते आणि तोल जातो. कर्मचाऱ्याने होडी धक्क्याला घट्ट धरलेली असताना पाऊल होडीच्या मधोमध टाकायचे, लगेच वाकून आसन धरायचे आणि बसायचे. उभे राहून पदर सावरू नये. साडी असेल तर काठ गुडघ्याखाली खोचून घ्या, पॅडलच्या दांड्याशी तो अडकतो. गुडघे दुखत असतील आणि धक्का होडीपेक्षा हातभर उंच दिसला तर त्यांना काठावरच बसू द्या. उगाच आग्रह करू नका.

जीवरक्षक जाकीट हातात दिले म्हणजे झाले असे नाही. मुलाला चढवून सगळे पट्टे आवळा, मग त्याला दोन्ही हात वर करायला सांगा आणि खांद्याजवळ धरून जाकीट वर ओढा. ते हनुवटीच्या वर सरकून कानाला लागले तर ते मोठे आहे. पाण्यात पडल्यावर मूल त्यातून खाली निसटते. लहान मापाचे मागा, नसेल तर फेरी सोडा. फोम दाबून पाहा. दाबल्यावर खड्डा तसाच राहिला किंवा आत कुरकुर झाली तर फोम मेलेला आहे. पट्ट्याचे बक्कल तुटून गाठ मारलेली असेल तर ते परत करा. हे करताना मागचे लोक बघतात, बघू द्या. आणि कोणत्याही तळ्यात पाय सोडून बसायची सवय गोव्यात नको. मगरी कुंभारजुव्याच्या कालव्यात प्रसिद्ध आहेत, पण आतल्या काही जलाशयांतही त्या आहेत.

चालायचे तर मयेच्या काठाने आणि गावाकडच्या रस्त्याने चालावे. माड-पोफळीची कुळागरे लागतात, सावली असते आणि चढ सासूबाईंना झेपेल इतकाच. कुळागर खासगी असते, वाट आतून जात असली तरी दारात माणूस दिसला तर विचारूनच जा. विचारले की बहुधा नकार येत नाही.

अंजुणे धरणाकडचा सत्तरीचा जंगलभाग चालायला मोहक आहे, पण जानेवारी ते मे या काळात तिथे जंगलवाटेने मुलाला नेऊ नका. कारण माकडताप. क्यासनूर जंगलातला हा विषाणू गोचिडीतून माणसात येतो. २०१५ पासून सत्तरीत त्याचे रुग्ण आढळले आहेत आणि कोरड्या महिन्यांतच गोचिडीची बारीक पिले पाचोळ्यात भरपूर असतात. ती खसखशीएवढी असल्याने अंगावर चढलेली कळतही नाहीत. डांबरी रस्त्यावरून, गाडीतून पाहायला काही हरकत नाही. जंगलात शिरायचेच असेल तर पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, पाचोळ्यावर बसणे नाही आणि परतल्यावर कपडे थेट गरम पाण्यात. काख, जांघ, कानामागे, केसांत हात फिरवून पाहायचे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचे. घरी गेल्यावर आठवड्याभरात अचानक जोराचा ताप, डोके आणि अंग ठणकणे सुरू झाले तर कोल्हापूरच्या डॉक्टरांना आपण सत्तरीत जाऊन आलो हे आपणहून सांगा. ते विचारणार नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात डेंग्यू असतो.

आता चार दिवस कसे बसतात ते पाहू. रविवारी दहाच्या सुमारास निघा. बेळगाव, जांबोटी, चोर्ला घाट, साखळी, डिचोली असे आलात तर थांबत-थांबत पाच-साडेपाच तास धरा. चारच्या सुमारास पोहोचाल तेव्हा सहलींच्या बसेस अजून असतील. वैतागू नका, दिवेलागणीपर्यंत तळे रिकामे होते. त्या संध्याकाळी फक्त धुराची खूण पाहायची आणि झोपायचे.

सोमवार मोकळा ठेवा. सकाळी काठ, मग होडीची पहिली फेरी, दुपारी झोप. मंगळवारी करमळी. सहाला निघा. डिचोली, आमोणे, खांडोळे, माशेल, बाणस्तारी असे करत सात-सव्वासातला तळ्यावर पोहोचता येते. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा, नाहीतर सगळे पक्षी काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. कमळाच्या पानांवर लांब बोटांनी चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, शिट्टी मारत उडणाऱ्या अडई आणि चोचीच्या मधोमध फट असलेला मुग्धबलाक मुलाला दुर्बिणीशिवायही ओळखता येतील. दुर्बीण घ्यायची तर आठ पट, बेचाळीस मिलिमीटरची घ्या. दहा पटीची मुलाच्या हातात थरथरते. नऊनंतर बदके मधल्या पाण्यावर गप्प बसून राहतात, तेव्हा निघायला हरकत नाही. तळ्याशेजारून कोकण रेल्वे जाते, गाडी आली की अडई एकदम उठतात. मुलाला बहुधा तेच सर्वांत आवडेल.

परतताना आल्या वाटेने येऊ नका. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर आणि दिवाडीहून दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला या. गाडी बोटीवर चढते. सासूबाईंना मयेत होडीत चढता आले नसेल तर पाण्यावरचा प्रवास त्यांना इथे बसल्या जागी मिळतो. नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार करवला. तिथून मये जवळ आहे. बोटीसाठी कधी पंधरा मिनिटे, कधी अर्धा तास थांबावे लागते. पाणी आणि केळी जवळ ठेवा.

बुधवारी सकाळी चालणे आणि संध्याकाळी साखळीजवळ हरवळ्याची लेणी व धबधबा. जानेवारीत धबधब्याला पाणी कमीच असते, पण लेणी पाहण्यासारखी आहेत. ही भेट गाळली तरी चालेल. साळावली आणि नंदा तळे या मुक्कामात कोंबू नका. डिचोलीहून सांगे म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस रस्त्यात. ती दोन्ही हवीत तर पुढे कधी कुडचडे किंवा सांग्याला वेगळ्या दोन रात्री काढा, नोव्हेंबरअखेर.

खोली ठरवण्यापूर्वी फोनवर तीनच प्रश्न विचारा. गोवा पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान तळ्याकाठीच आहे, डिचोली-मये भागात घरगुती निवासही मिळतात. पहिला प्रश्न: त्या आठवड्यात होड्या चालू आहेत का आणि खिडकी किती वाजता उघडते? दुरुस्तीसाठी होड्या बंद असल्या तर आरक्षण करणारा माणूस ते आपणहून सांगत नाही. दुसरा: त्या तारखांना आवारात लग्न किंवा मेळावा आहे का? मकरसंक्रांत उलटली की मुहूर्त सुरू होतात. तिसरा: खोली तळमजल्यावर आहे का आणि तिथून पाण्यापर्यंत किती पायऱ्या आहेत? "व्ह्यू आहे" हे उत्तर पुरत नाही, पायऱ्यांचा आकडा मागा.

गुरुवारी शेवटची सकाळ काठावर काढून दहापर्यंत निघा. केरीच्या पुढे चोर्ला चढताना अंजुण्याचा जलाशय खाली दिसतो. थांबायचे तर रुंद वळणावर, गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घेऊन थांबा, कारण समोरून उतारावर मालवाहू गाड्या येत असतात. घाट दिवसाउजेडी ओलांडायचा. कणकुंबीच्या पुढे जेवलात तर चार-पाचपर्यंत घरी.